लेकीकडे अमेरिकेला जाताना: इमिग्रेशनच्या खिडकीवर काय विचारतात, काय सांगायचं

लातूर, नांदेड, परभणीकडून हल्ली परदेशी जाणाऱ्यांत दोनच गट मोठे. एक शिकायला जाणारी पोरं आणि दुसरा त्यांच्या मागे काही वर्षांनी जाणारे त्यांचे आईवडील. पोरांना इंटरनेटवर सगळं सापडतं. आईवडिलांची तयारी मात्र बॅगा भरण्यात आणि विमान कुठे बदलायचं यातच संपते. अमेरिकेत उतरल्यावर खिडकीमागे बसलेला अधिकारी दोन-तीन मिनिटं जे बोलतो, त्याची तयारी कोणी करून घेत नाही. हा लेख त्या दोन-तीन मिनिटांसाठी आहे आणि तोही फक्त अमेरिकेच्या बी-2 व्हिजिटर व्हिसावर लेकीकडे किंवा लेकाकडे जाणाऱ्यांसाठी. दुसऱ्या देशांचे कागद आणि नियम वेगळे आहेत.

समजायला सोपं जावं म्हणून एक जोडपं धरू. उदगीरचे निवृत्त जिल्हा परिषद शिक्षक, त्यांना गुरुजी म्हणू, आणि त्यांच्या पत्नी, म्हणजे काकू. घरची सहा एकर कोरडवाहू, बटईने दिलेली. लेक आणि जावई टेक्सासमध्ये डॅलसजवळ राहतात, दोघंही नोकरीवाले, एच-1बी व्हिसावर. लेकीला डिसेंबरात बाळ होणार आहे. सोयाबीन निघाल्यावर 9 नोव्हेंबरला हे दोघं डॅलसला उतरणार आणि 18 मार्चला परतणार.

आधी एक गैरसमज काढू. मुंबईत किंवा हैदराबादला मुलाखत देऊन दहा वर्षांचा व्हिसा मिळाला, म्हणजे अमेरिकेत शिरायचा हक्क मिळाला असं नाही. व्हिसा म्हणजे दारापर्यंत जाण्याची परवानगी. आत घ्यायचं की नाही आणि किती दिवसांसाठी, हे विमानतळावरचा अधिकारी ठरवतो. हे अधिकारी सीबीपी नावाच्या खात्याचे, व्हिसा देणारे वेगळ्या खात्याचे. पण व्हिसासाठी भरलेल्या डीएस-160 अर्जातली माहिती विमानतळावरच्या अधिकाऱ्याच्याही स्क्रीनवर येऊ शकते. म्हणून निघण्याच्या आठवड्यात त्या अर्जाची प्रत काढून वाचा. अर्ज बहुतेक वेळा लेकीने किंवा एजंटाने भरलेला असतो आणि त्यात काय लिहिलंय हे खुद्द जाणाऱ्यालाच माहीत नसतं. अर्जात ‘दोन महिने’ आणि खिडकीवर ‘चार महिने’ झालं, तर पुढचे प्रश्न तिथूनच सुरू होतात. बेत बदलला असेल तर हरकत नाही, पण का बदलला ते एका वाक्यात सांगता आलं पाहिजे.

कागदांची फाइल

एक पारदर्शक प्लॅस्टिकची फाइल घ्या आणि ती हातातल्या पिशवीत ठेवा. मोठ्या बॅगेत कधीच नको, कारण बॅगा हाती येतात त्या इमिग्रेशन झाल्यानंतर. सगळ्यात वर पासपोर्ट. व्हिसा जुन्या, संपलेल्या पासपोर्टवर असेल तर जुना आणि नवा असे दोन्ही न्यायचे. व्हिसाची मुदत शिल्लक असेल आणि ते पान नीट असेल, तर तो चालतो. जुना पासपोर्ट ‘आता काय कामाचा’ म्हणून घरी कपाटात राहतो आणि माणूस हैदराबादच्या विमानतळावरच अडकतो.

त्याखाली परतीच्या तिकिटाची छापील प्रत. मग एका कोऱ्या कागदावर मोठ्या अक्षरात इंग्रजीत लिहिलेलं लेकीचं नाव, घरचा पूर्ण पत्ता अपार्टमेंटच्या नंबरासकट आणि लेक-जावई दोघांचे फोन नंबर. या कागदाचं काम सगळ्यात जास्त पडतं. मोबाइल त्या रांगेत वापरू देत नाहीत, म्हणून ‘व्हॉट्सअॅपवर आहे’ हे उत्तर तिथे चालत नाही. मग लेकीचं बोलावण्याचं पत्र आणि तिच्या पासपोर्टची व एच-1बीच्या मंजुरीपत्राची, म्हणजे आय-797ची झेरॉक्स. ग्रीन कार्ड असेल तर त्याची. प्रवासाचा आरोग्य विमा. रोजच्या गोळ्यांची डॉक्टरची चिठ्ठी, गोळ्या मूळ पाकिटातच. शेवटी गुरुजींच्या पेन्शनचा एखादा कागद.

इतकं पुरे. सातबारा, आठ-अ, घराची नक्कल, एफडीच्या पावत्या असं अख्खं दप्तर घेऊन जाणारे लोक आहेत. मराठीतला सातबारा तिथे कोणी वाचणार नाही. आणि मुख्य नियम हा की मागितल्याशिवाय फाइल उघडायची नाही. पासपोर्ट तेवढा हातात. एका प्रश्नाला पाच कागद पुढे सरकवले की अधिकारी ते वाचत बसतो आणि त्यातूनच नवा प्रश्न काढतो.

गावांच्या नावांचंही बघून ठेवा. पासपोर्टवर उस्मानाबाद किंवा औरंगाबाद असेल आणि नव्या कागदांवर धाराशिव, छत्रपती संभाजीनगर, तर जन्मगाव विचारल्यावर पासपोर्टवर जे आहे तेच सांगा. तो समोरचा कागद बघून ताडतो, त्याला नामांतर माहीत असायचं कारण नाही.

खिडकी कुठे येते

अमेरिकेतल्या ज्या पहिल्या विमानतळावर उतराल तिथेच इमिग्रेशन होतं, पुढचं विमान कुठलंही असो. शिकागोला उतरून डॅलसचं विमान पकडायचं असेल, तर शिकागोलाच प्रश्नोत्तरं होतात, तिथेच बॅगा घ्यायच्या आणि कस्टम्समधून जाऊन पुन्हा जमा करायच्या. यासाठी दोन विमानांमध्ये तीन-चार तास हवेतच. अबू धाबीहून थेट अमेरिकेचं विमान असेल तर मामला उलटा आहे. तिथे अमेरिकेचे अधिकारी अबू धाबीतच बसतात, विमानात चढण्याआधीच सगळं उरकतं आणि अमेरिकेत तुम्ही देशातल्या देशात आल्यासारखे उतरता. हे माहीत नसलं की माणूस अबू धाबीत ‘अजून अमेरिका कुठे आली’ म्हणून गाफील राहतो.

रांगेत ‘व्हिजिटर्स’ची पाटी बघून उभं राहायचं. नवरा-बायकोने खिडकीवर एकत्रच जायचं. हात केला की दोघांनी पुढे व्हा आणि ‘हजबंड अँड वाइफ’ म्हणा. व्हीलचेअर घेतली असेल तर ढकलणारा माणूस खिडकीपर्यंत आणतो, पण तो तुमचा दुभाषी नाही. त्याने तुमच्या वतीने उत्तरं द्यायला सुरुवात केली तर त्याला थांबवा.

खिडकीवर फोटो काढतात आणि बोटांचे ठसे घेतात. उजव्या हाताची चार बोटं, मग अंगठा, तसंच डाव्या हाताचं. आयुष्यभर शेतात किंवा भांड्याकुंड्यात राबलेल्या हातांच्या रेषा झिजलेल्या असतात, त्यात विमानातल्या कोरड्या हवेने बोटं खरखरीत होतात. मशीन लाल दिवा दाखवतं, अधिकारी ‘प्रेस हार्डर’ म्हणतो आणि काकू घाबरून हातच मागे घेतात. रांगेत असतानाच बोटांना थोडं व्हॅसलीन किंवा क्रीम चोळून नीट पुसून घ्या. काचेवर बोटं सपाट टेकवायची आणि तो ‘ओके’ म्हणेपर्यंत हलवायची नाहीत.

प्रश्न आणि उत्तरं

पहिला प्रश्न जवळपास ठरलेला. ‘व्हॉट इज द पर्पज ऑफ युअर व्हिजिट?’ किंवा नुसतं ‘व्हाय आर यू हिअर?’

इथेच आपली माणसं सगळ्यात जास्त अडकतात. काकूंच्या मनातलं सरळ उत्तर असतं, ‘लेकीचं बाळंतपण करायला जायलाव, दुसरं काय सांगावं?’ आपल्याकडे यात वावगं काही नाही. पण ते इंग्रजीत ‘टु टेक केअर ऑफ बेबी’ किंवा ‘फॉर बेबीसिटिंग’ झालं की अधिकाऱ्याच्या कानात वेगळंच वाजतं. तिकडे मूल सांभाळणं हा पगाराचा धंदा आहे, आणि व्हिजिटर व्हिसावर काम करायला मनाई आहे. लेक-जावई दोघं नोकरीला जाणार आणि आजी पूर्ण दिवस बाळ सांभाळणार, म्हणजे आया ठेवायचे पैसे वाचवायला आजीला आणलं, अशी शंका तो घेऊ शकतो. अशा उत्तरांवरून लोकांना तासन्‌तास बसवून ठेवलंय, काहींना परतही पाठवलंय.

खरं तेच सांगायचं, पण मुख्य गोष्ट आधी. ‘टु व्हिजिट अवर डॉटर. शी इज हॅविंग अ बेबी इन डिसेंबर.’ लेकीला भेटायला आलो आहोत, तिला बाळ होणार आहे. एवढ्यावर थांबायचं. पुढे त्याने ‘विल यू टेक केअर ऑफ द बेबी?’ असं विचारलंच तर नाही म्हणून खोटं बोलू नका, तेही अंगाशी येतं. ‘शी अँड हर हजबंड विल टेक केअर. वी आर ग्रँडपेरेंट्स, वी विल बी विथ देम. नो जॉब, नो मनी.’ बाळंतपणाची लेकीची रजा असेल तर तेही सांगा, कारण त्याने चित्र स्पष्ट होतं की बाळाजवळ आई घरात आहे. पण हे उत्तर खरं असेल तरच द्यायचं. रजा संपल्यावर आईवडिलांच्या भरवशावर कामावर जायचा बेत आधीच ठरला असेल, तर त्याचा विचार तिकीट काढण्याआधी लेकीने एखाद्या इमिग्रेशन वकिलाशी बोलून करायला हवा. खिडकीवर शब्द जुळवून तो सुटत नाही.

दुसरा प्रश्न, ‘हाऊ लाँग आर यू स्टेइंग?’ ‘सिक्स मंथ्स’ असं बरेच जण ठोकून देतात, कारण सहा महिने मिळतात हे ऐकलेलं असतं. उत्तर परतीच्या तिकिटाचं असावं: ‘फोर मंथ्स. रिटर्न ऑन एटीन्थ मार्च.’ तारीख तोंडपाठ असली की पुढचा प्रश्न बहुधा येत नाही. आधी जाऊन आलेला असाल तर मागच्या खेपेला किती राहिलात, कधी परतलात हेही विचारतात. मागच्या वर्षी सहा महिने राहून आला आणि पुन्हा चारच महिन्यांत हजर झालात, तर ‘तुम्ही इथे राहताय की तिथे?’ असा त्याचा रोख असतो. दोन मुक्कामांत किती अंतर हवं याचा लिखित नियम नाही, पण आधी जितके दिवस तिकडे होतात त्याहून जास्त दिवस घरी काढून मग जाणं शहाणपणाचं.

तिसरा, ‘व्हेअर विल यू स्टे?’ पत्त्याचा कागद पुढे करा. ‘विथ अवर डॉटर.’ त्याला जोडून लेक काय करते, कुठल्या कंपनीत, कुठल्या व्हिसावर, हे येतं. कंपनीचं नाव आणि ‘एच-वन-बी’ एवढं दोघांनाही यायला हवं. ‘सॉफ्टवेअरमध्ये आहे’ हे आपल्या गल्लीत चालतं, तिथे कंपनीचं नाव लागतं.

चौथा, ‘व्हॉट डू यू डू इन इंडिया?’ गुरुजी म्हणतील, ‘आय अॅम अ रिटायर्ड टीचर. आय गेट पेन्शन.’ काकूंचं उत्तर ‘हाउसवाइफ’. शेती असेल तर ‘वी हॅव अ फार्म’ हे जरूर सांगा. या प्रश्नामागे त्याला एवढंच कळून घ्यायचं असतं की माघारी जायला तुमच्याकडे कारण आहे का. घर, पेन्शन, शेती, मागे राहिलेला मुलगा किंवा म्हातारी आई, यातलं जे खरं असेल ते. विचारलंच तर ‘वी मस्ट गो बॅक, सोइंग इज इन जून’ हे वाक्य मृगाची वाट बघणाऱ्या माणसाला पाठ करावं लागत नाही.

पैशांचा प्रश्न असतोच असं नाही. एकत्र प्रवास करणाऱ्या कुटुंबाजवळ मिळून 10,000 डॉलरपेक्षा जास्त रोकड असेल तर ती लेखी जाहीर करावी लागते. न्यायला बंदी नाही, लपवायला आहे. त्याहून कमी असेल तर जो आकडा असेल तो सांगा.

खाण्याचं विचारतात तेव्हा

‘आर यू ब्रिंगिंग एनी फूड?’ हा प्रश्न इमिग्रेशनचा अधिकारीच विचारतो किंवा पुढे कस्टम्सवाला. बाळंतपणाला निघालेल्या आईच्या बॅगेत खायचं काही नाही, हे कोणाला पटणार? तरी घाबरून ‘नो’ म्हणणारे खूप. उत्तर ‘यस’ आहे. सांगितलेली वस्तू चालत नसेल तर फार तर ती काढून घेतात. न सांगितलेली सापडली तर दंड होतो आणि नोंद राहते, मग पुढच्या प्रत्येक खेपेला बॅग उघडली जाते.

नेमकी आपल्या शिवारातली पिकंच तिथे अडतात. तांदूळ, हरभरा, करडई आणि सोयाबीन हे धान्य भारतातून घरच्या सामानात न्यायला मनाई आहे. कारण खापरा भुंगेरा नावाची साठवणीतली कीड. घरचा हरभरा म्हणून दोन किलो बांधून दिला तर तो तिथल्या कचऱ्याच्या डब्यात जाणार. ताजी फळं, भाज्या, हिरवा कढीपत्ता, परसात लावायला म्हणून नेलेलं बी हेही नको. मांसाचा कुठलाही पदार्थ नको. खवा, पेढे, तूप यांसारख्या दुधाच्या जिनसांवर तिथला अधिकारी बघून ठरवतो, म्हणून डिंकाचे लाडू नेणार असाल तर ते हातापाशी, वेगळ्या डब्यात ठेवा आणि विचारायच्या आत दाखवा. मसाल्याची पूड, बंद पाकिटातली चटणी, लोणचं सहसा जातं. पिशवीवर इंग्रजीत नाव लिहिलेली चिठ्ठी चिकटवा: काळ्या मसाल्याची निनावी पुडी काय आहे हे समजावताना गुरुजींचं इंग्रजी कमी पडेल.

समजलं नाही तर

सगळ्यात घातक सवय म्हणजे न समजता मान हलवणं. आपण ऐकतोय हे दाखवायलाही आपण मान डोलावतो आणि तोंडाने ‘यस, यस’ चालूच. प्रश्न ‘आर यू गोइंग टु वर्क हिअर?’ असला तर? तेव्हा पूर्ण प्रश्न ऐका आणि समजला नसेल तर म्हणा, ‘सॉरी, आय डोन्ट अंडरस्टँड. मराठी ऑर हिंदी इंटरप्रिटर, प्लीज.’ हे मागण्यात कमीपणा नाही, ते फोनवर दुभाषी जोडून देतात. थोडा वेळ जातो इतकंच. मोडक्या इंग्रजीत लांब गोष्ट सांगण्यापेक्षा हे कितीतरी बरं. घरी लेकीने व्हिडिओ कॉलवर अधिकारी बनून दोघांना वेगवेगळे प्रश्न विचारावेत, क्रम बदलून. उत्तर पाठ करून घेऊ नये, नाहीतर पत्ता विचारल्यावर काकू परतीची तारीख सांगतात.

कधीकधी पासपोर्ट ठेवून घेऊन बाजूच्या खोलीत बसायला सांगतात. याला सेकंडरी म्हणतात. ती अटक नव्हे. नावात घोळ, ठसे नीट न येणं, उत्तर न जुळणं, काहीही कारण असतं आणि बरेच जण तिथून सुखरूप बाहेर येतात. तिथे फोन वापरता येत नाही, म्हणून बाहेर उभ्या लेकीला आधीच सांगून ठेवा की दोन-तीन तास लागले तरी घाबरायचं नाही. ते तुमचा फोन तपासायला मागू शकतात. ‘तू आलीस की मी ऑफिस सुरू करते, तू बाळ सांभाळ’ असे निरोप वाचले गेल्याची प्रकरणं ऐकण्यात आहेत. एखाद्या कागदावर सही मागितली तर तो दुभाष्याकडून पूर्ण वाचून घेतल्याशिवाय सही करू नका. प्रवेश नाकारायची वेळ आलीच, तर प्रवेशाचा अर्ज आपणहून मागे घेऊन परतणं आणि तडकाफडकी हकालपट्टीचा आदेश निघणं यांत मोठा फरक आहे. दुसऱ्या प्रकारात साधारण पाच वर्षं परत जाता येत नाही. ‘कॅन आय विड्रॉ अँड गो बॅक?’ असं विचारता येतं, पण ते मान्य करायचं की नाही हे त्यांच्या हातात.

बाहेर आल्यावर

सगळं ठीक झालं की पासपोर्ट परत मिळतो. शिक्का आता सगळीकडे मारत नाहीत. खरी नोंद ऑनलाइन असते, तिला आय-94 म्हणतात. घरी पोचल्यावर एक-दोन दिवसांत लेकीला i94.cbp.dhs.gov या साइटवर दोघांचं आय-94 काढून छापायला सांगा. नाव, जन्मतारीख, पासपोर्ट नंबर आणि व्हिसाचा प्रकार बी-2 आहे ना, ते ताडा. चूक असेल तर सीबीपीच्या डिफर्ड इन्स्पेक्शन कार्यालयात ती दुरुस्त करून मिळते, आणि हे लवकर केलेलं बरं.

त्यावर मुक्कामाची शेवटची तारीख असते. बी-2वर साधारण सहा महिने देतात, म्हणजे गुरुजी-काकूंना 8 मे किंवा त्याच्या आसपास. तिकडे महिना आधी लिहितात. 05/08 असं दिसलं तर ते 8 मे, आपल्या सवयीने 5 ऑगस्ट नव्हे. व्हिसावर 2034 लिहिलंय म्हणून त्या तारखेनंतर राहता येत नाही. आजारपणासारख्या कारणाने थांबावंच लागलं, तर 8 मेच्या आत मुक्काम वाढवून मागणारा आय-539 अर्ज गेलेला असला पाहिजे. तारीख उलटून एक दिवसही राहिलात तर तो दहा वर्षांचा व्हिसा त्याच दिवशी रद्द धरला जातो, आणि पुढच्या नातवाच्या वेळी पुन्हा मुलाखतीपासून सुरुवात करावी लागते.